लेबलावरचे सत्तर टक्के

मार्च २०२०पर्यंत सॅनिटायझर ही दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेली वस्तू होती. १३ मार्चला केंद्र सरकारने ते अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. २१ मार्चला २०० मिलिलिटरच्या बाटलीला जास्तीत जास्त १०० रुपये असा भाव बांधून दिला. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनाही ते बनवायची मुभा मिळाली. पुढच्या काही आठवड्यांत किराणा दुकानापासून पानटपरीपर्यंत सगळीकडे निळसर द्रवाच्या बाटल्या दिसू लागल्या. प्रत्येकीवर एक आकडा छापलेला असे, बहुतेक वेळा सत्तर टक्के.

तो आकडा खरा होता का, याची एक चाचपणी मुंबईत झाली. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेने २०२०च्या पावसाळ्यात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या बाजारातून १२२ नमुने उचलले आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासून घेतले. ४५ नमुने सदोष निघाले आणि पाचांमध्ये मेथॅनॉल सापडले. महानगरात, प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर असताना ही स्थिती. मग माणिकगडाच्या डोंगरावर, चंद्रपूर जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या जिवतीत येणाऱ्या बाटलीचे काय? अन्न व औषध प्रशासनाची जवळची प्रयोगशाळा नागपूरला, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. कोलाम पाड्यावरच्या आश्रमशाळेत किंवा उपकेंद्रात पोचलेल्या खोक्यातली एक बाटली तिथवर कोण पाठवणार?

या भागात हा प्रश्न नुसत्या हातांच्या स्वच्छतेपुरता नव्हता. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ला आली आणि मे २०२१मध्ये मंत्रिमंडळाने उठवायचे ठरवेपर्यंत राहिली. म्हणजे महामारीच्या पहिल्या वर्षात कोरड्या जिल्ह्यात मद्यार्काने भरलेला हा द्रव कायदेशीरपणे आणि सर्रास विकला जात होता. एप्रिल २०२१मध्ये वर्धा नदीपलीकडच्या वणीत, यवतमाळ जिल्ह्यात, टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा जीव गेला. बाटलीत नेमके काय आणि किती, हे विचारण्याचे दोन वेगळे हेतू असतात, ते या एका घटनेत दिसतात. आत पुरेसे इथेनॉल आहे का, हा एक. आत इथेनॉलच आहे का, हा दुसरा. प्रस्तुत पुस्तक पहिल्या प्रश्नाचे आहे. दुसऱ्याला ते उत्तर देऊ शकत नाही, आणि का देऊ शकत नाही हे समजल्याशिवाय पहिल्याचे उत्तरही धड वापरता येत नाही.

साधन जुने आणि गरीब आहे: घनता. इथेनॉल पाण्यापेक्षा हलके. २० अंश सेल्सिअसला एक मिलिलिटर पाणी ०.९९८ ग्रॅम भरते, तर शुद्ध इथेनॉल ०.७८९ ग्रॅम. मिश्रणात मद्यार्क जितका जास्त तितकी घनता कमी. पण दोन्ही टोके माहीत असली की मधले त्रैराशिकाने काढता येईल, असे वाटत असेल तर ते चूक आहे. ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले तर १०० होत नाहीत, साडेशहाण्णवच्या आसपास भरतात. रेणू एकमेकांच्या जागेत शिरतात आणि मिश्रण आकसते. हे आकसणे प्रत्येक प्रमाणाला वेगळे असते, त्यामुळे सूत्र चालत नाही, तक्ता लागतो. तो तक्ता करण्यातच या विद्येची शंभराहून जास्त वर्षे गेली.

तक्त्यामागची प्रेरणा विज्ञानाची नव्हती, करवसुलीची होती. दारूवर कर बसवायचा तर तिच्यात पाणी किती घातले आहे हे सरकारला कळायला हवे. १७९०च्या दशकात चार्ल्स ब्लॅग्डेन आणि जॉर्ज गिल्पिन यांनी ब्रिटिश अबकारी खात्यासाठी वेगवेगळ्या तापमानांना मद्यार्क-पाण्याची मिश्रणे तोलली आणि त्यांचे तक्ते रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्यानंतर बार्थोलोम्यू साइक्सचा पितळी हायड्रोमीटर १८१०च्या दशकात कायद्याने लागू झाला. तोच ब्रिटिशांच्या अबकारीबरोबर हिंदुस्थानात आला. ‘प्रूफ’ची भाषाही त्याच्याबरोबर आली. शंभर प्रूफ म्हणजे आकारमानाने ५७.१ टक्के. आजही देशी बनावटीच्या विदेशी मद्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा वरकरणी विचित्र आकडा दिसतो. तो पंच्याहत्तर प्रूफ आहे, दुसरे काही नाही. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने १८२४मध्ये थेट टक्के दाखवणारा मापक दिला. रशियात मेंडेलीव्हचा १८६५चा डॉक्टरेटचा प्रबंध मद्यार्क आणि पाणी यांच्या संयोगावरच होता. आज जगभर वापरले जाणारे आंतरराष्ट्रीय तक्ते १९७०च्या दशकात ठरले. पुस्तकाच्या शेवटी दिलेला तक्ता त्याच घराण्यातला.

मोजण्याच्या पद्धतींत ढोबळ मानाने चार घराणी आहेत, आणि प्रत्येकाला आपला अभिमान आहे. तरंगणाऱ्यांचे पहिले. हायड्रोमीटर द्रवात सोडायचा, जिथे स्थिरावेल तिथला आकडा वाचायचा. जागतिक आरोग्य संघटनेने स्थानिक पातळीवर सॅनिटायझर बनवणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हीच पद्धत आहे. त्यातल्या पहिल्या सूत्रात ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७, ग्लिसरीन १४५ आणि पाण्याने १० लिटरपर्यंत भर, असा हिशेब आहे. तयार मालात ८० टक्के इथेनॉल हवे, आणि मापकावर पाच टक्क्यांचा फरक चालतो. मोठ्या डब्यासाठी ही पद्धत उत्तम. पण मापकाला उंच नळीभर द्रव लागतो आणि हातात असते ५० मिलिलिटरची बाटली.

दुसरे घराणे तोलणाऱ्यांचे. छिद्राच्या बुचाची काचेची छोटी कुपी, जिला महाविद्यालयात ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल’ किंवा नुसती ‘डेन्सिटी बॉटल’ म्हणतात, ती आधी रिकामी, मग पाण्याने भरून, मग नमुन्याने भरून तोलायची. तिसऱ्या घराण्याची कंपनावर चालणारी यू-नळी १९६०च्या दशकात ऑस्ट्रियात ग्राट्सला घडली. एक-दोन मिलिलिटर नमुन्यावर ती चार-पाच दशांश स्थळांपर्यंत घनता देते, पण तिची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेरची. चौथे घराणे गॅस क्रोमॅटोग्राफीचे. ते घनता मोजतच नाही, मिश्रणातला प्रत्येक घटक सुटा करून दाखवते. मुंबईची तपासणी त्याच पद्धतीची होती. पुस्तकाने दुसरे घराणे निवडले. कारण सरळ आहे: राजुऱ्याच्या किंवा गडचांदूरच्या महाविद्यालयात पंचवीस मिलिलिटरची कुपी आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू मिळू शकतो.

एक पाचवे घराणेही आहे, ज्याला कोणी घराणे म्हणत नाही: पेटवून पाहणारे. निळी ज्योत आली की माल चोख, असे मानणारे पुष्कळ. पण ४० टक्के इथेनॉलच्या वाफा २६ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणे नवे नाही. त्या उन्हाळ्यात निम्म्या ताकदीचा मालही झकास पेटेल. चाचणी म्हणून तिचा उपयोग शून्य, आणि हात भाजायची खात्री मात्र चांगली.

इथे उन्हाळ्याचा विषय निघालाच, तर थोडे थांबायला हवे, कारण पुस्तकाचा गाभा तोच आहे. मद्यार्काची मिश्रणे उष्णतेने पाण्यापेक्षा बरीच जास्त फुगतात. साठ ते ऐंशी टक्क्यांच्या पट्ट्यात दर अंशामागे घनता सुमारे ०.०००८५ने उतरते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण याच पट्ट्यात मद्यार्क एक टक्क्याने वाढला की घनता साधारण ०.००२५ने उतरते. म्हणजे तीन अंशांची उष्णता एक टक्का इथेनॉलचे सोंग घेते. तक्ता २० अंशांचा. खोलीत ४१ अंश असतील, तर न सुधारलेले वाचन सात टक्के फुगलेले येईल. त्रेसष्ट टक्क्यांचा माल सत्तरचा दिसेल. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत ही चूक घडत नाही. जिवतीत ती आपोआप घडते, आणि नेहमी बनवणाऱ्याच्या फायद्याची घडते.

पुस्तकात पुढे येणाऱ्या पद्धतीची ओळख व्हावी म्हणून एक उदाहरण इथेच सोडवून पाहू. आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत, पण असे आकडे रोज येऊ शकतात. लेबलावर ‘इथेनॉल ७० टक्के, आकारमानाने’. द्रव पातळ, जेल नव्हे. माठाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात कुपी, नमुना आणि पाणी तासभर ठेवून तिन्ही ३४ अंशांवर आणले आहेत. २० अंश गाठता आले नाहीत म्हणून बिघडत नाही. तिन्हींचे तापमान एकच हवे आणि ते माहीत हवे. कुपीत पाणी भरले २४.९८ ग्रॅम. तीच कुपी कोरडी करून नमुना भरला २२.३७ ग्रॅम. भागाकार ०.८९५५. ३४ अंशांना पाण्याची घनता ०.९९४४, तिने गुणले की नमुन्याची घनता ०.८९०५.

घाईचा माणूस इथेच तक्ता उघडतो. २० अंशांच्या रकान्यात ६५ टक्क्यांसमोर ०.८९७७ आहे, ७० समोर ०.८८५६. म्हणजे ०.८९०५ हे ६८ टक्के. दावा सत्तरचा, मिळाले अडुसष्ट, माल ठीक, बाटली कपाटात. सावध माणूस आधी १४ अंशांचा फरक लक्षात घेतो. ०.०११९ मिळवले की २० अंशांची घनता ०.९०२४, आणि तक्ता सांगतो ६३ टक्के. त्याच कुपीतून, त्याच तराजूवर, पाच टक्क्यांचा फरक पडला.

पण त्रेसष्ट हेही शेवटचे उत्तर नाही. बाटलीत ग्लिसरीन आहे आणि ते पाण्यापेक्षा जड, मिलिलिटरला १.२६ ग्रॅम. आरोग्य संघटनेच्या सूत्राइतके, म्हणजे १.४५ टक्के असेल, तर घनता सुमारे ०.००४ने चढते आणि मद्यार्क दीड टक्क्याने कमी दिसतो. ग्लिसरीनचे प्रमाण तेवढेच धरले तर दुरुस्त उत्तर साडेचौसष्टच्या आसपास येईल. आता निकाल काय द्यायचा? पाच टक्क्यांची सूट धरली तर खालची मर्यादा ६५. मोजणी करणाऱ्याच्या हातची अनिश्चितता मात्र एक टक्क्याची: तापमापकाचा एक अंश इकडे तिकडे, बुचाच्या छिद्रातून उडालेला थेंब, बाहेरून नीट न पुसलेली काच. साडेचौसष्ट अधिक-उणे एक. प्रामाणिक निकाल आहे: सांगता येत नाही. पुस्तकात ‘उतरला’ आणि ‘नापास’ यांच्या जोडीला हा तिसरा रकाना आहे. भारतीय प्रयोगवहीत तो सहसा सापडत नाही, म्हणून तो ठेवणे हे या पुस्तकाचे मोठे धाडस म्हणावे लागेल.

तिसऱ्या रकान्यातल्या बाटलीसाठी पुढची पायरी औषधकोशातली आहे. २५ मिलिलिटर नमुन्यात पाणी घालून ऊर्ध्वपातन करायचे, ९० मिलिलिटरच्या वर द्रव गोळा करायचा आणि त्याच तापमानाला पाण्याने १०० भरायचे. ग्लिसरीन, रंग, जेल करणारा घटक सगळे मागे चंबूत राहते, पुढे फक्त मद्यार्क आणि पाणी येते. त्याची घनता मोजून आलेल्या टक्क्याला चारने गुणायचे. ग्लिसरीनचा वाद मिटतो. पण चारने गुणताना चूकही चौपट होते. विरळ द्रावणात एक टक्का मद्यार्काने घनता जेमतेम ०.००११ने हलते. ५० मिलिलिटरच्या कुपीत ०.०१ ग्रॅमची गफलत मूळ नमुन्यात पाऊण टक्का होऊन बसते. म्हणून इथे मिलिग्रॅमचा तराजू लागतो, आणि शाळेचा तराजू इथे संपतो.

जेलचे दुखणे वेगळे. घट्ट जेलमध्ये हायड्रोमीटर जिथे सोडाल तिथेच अडकतो, आणि कुपीत भरताना हवेचे बुडबुडे अडकतात. कुपीतली एक टक्का जागा हवेने व्यापली तर घनता ०.००९ने पडते आणि मद्यार्क साडेतीन टक्के जास्त दिसतो. उष्णता वर ढकलते, हवा वर ढकलते, ग्लिसरीन खाली खेचते. या तिघांनी एकमेकांना नेमके तोलून धरले तर चुकीच्या मोजणीतून अगदी लेबलाइतका आकडा येऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या वहीत हे सर्वांत जास्त घातक ठरते, कारण अपेक्षित उत्तर आले की कोणी पुन्हा तोलत नाही. त्यावर पुस्तकाने साधी तपासणी सुचवली आहे: औषध दुकानातून मिळणारा, ताकद माहीत असलेला स्पिरिट पाण्यात मिसळून स्वतःच तीन ज्ञात मिश्रणे करायची आणि त्याच दिवशी, त्याच कुपीत आधी ती मोजायची. ज्याला स्वतः बनवलेल्या मिश्रणाची ताकद बरोबर सापडत नाही, त्याने दुसऱ्याच्या बाटलीवर निकाल देऊ नये.

लेबल वाचणे हीसुद्धा मोजणीच आहे. नुसते ‘७० टक्के’ लिहिले असेल तर विचारायला हवे, आकारमानाने की वजनाने? वजनाने सत्तर म्हणजे आकारमानाने जवळपास ७७. काही लेबलांवर ‘९५ टक्क्यांचे इथिल अल्कोहोल, ७० टक्के’ अशा अर्थाची नोंद असते. सरळ हिशेब केला तर त्यातले इथेनॉल साडेसहासष्टच भरते. मोजणी अचूक असूनही निकाल चुकतो तो अशा ठिकाणी, आणि त्यात तराजूचा काही दोष नसतो.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, जो वणीतून येतो. २० अंशांना मेथॅनॉलची घनता ०.७९२ आणि इथेनॉलची ०.७८९. पाण्यात मिसळल्यावरही दोघे जवळजवळ एकाच वाटेने जातात. आकारमानाने ८० टक्के मेथॅनॉल असलेला विषारी द्रव कुपीत भरला तर तो ७८-७९ टक्के इथेनॉल म्हणून उत्तीर्ण होईल. आयसोप्रोपिल अल्कोहोलही याच रांगेत. घनता फक्त एवढेच सांगते की पाण्यात काहीतरी हलके मिसळले आहे. मेथॅनॉल ओळखायला अपवर्तनांक उपयोगी पडतो, कारण त्यात दोघांचे वागणे वेगळे. शुद्ध इथेनॉलचा १.३६१, मेथॅनॉलचा १.३२९. ८० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचा अपवर्तनांक १.३६च्या वर राहतो, तेवढ्याच मेथॅनॉलचा १.३४च्या आसपास घुटमळतो. मेथॅनॉल भरपूर असेल तर हा फरक दिसतो. थोडी भेसळ असेल तर तिथेही चकवा बसतो, आणि मग क्रोमॅटोग्राफीला पर्याय उरत नाही. म्हणून पुस्तकातल्या निकालाच्या तक्त्यात ‘पिण्यास’ हा शब्द कुठेच नाही. लेबलाशी आकडा जुळला म्हणजे द्रव सुरक्षित ठरला, असा अर्थ कोणी काढू नये यासाठी त्या पानावर ठळक अक्षरांत सूचना छापली आहे.

हे पुस्तक विज्ञान शिक्षक, पदवीचे विद्यार्थी, औषध विक्रेते आणि आरोग्य सेवक यांच्यासाठी लिहिले आहे. रसायनशास्त्राची पदवी असेलच असे त्यात गृहीत धरलेले नाही, पण दशांश अपूर्णांकाची भीती असलेल्याला मात्र जड जाईल. लेखकाने जिवतीसारखे ठिकाण जाणीवपूर्वक डोळ्यांपुढे ठेवले आहे. वीज जाते, खोली तापते, ऊर्ध्वपातित पाणी दुकानातून बॅटरीचे म्हणून आणावे लागते. म्हणून २० अंश कसे राखावेत याची प्रकरणे इथे नाहीत. २५ ते ४२ अंशांपर्यंत प्रत्येक अंशाचा दुरुस्तीचा तक्ता आहे, आणि पुस्तकाची जवळपास पाव पाने त्यानेच व्यापली आहेत. काही वाचकांना तो रुक्ष वाटेल. वापरणाऱ्याच्या हातात मात्र आधी तेच पान मळेल.

एक मतभेद नोंदवायला हवा. पाच टक्क्यांची सूट लेखकाने आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतून घेतली आहे. ती सूट स्वतः बनवणाऱ्या दवाखान्यासाठी होती, बाजारात पैसे घेऊन विकणाऱ्यासाठी नव्हे. विकत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर सत्तर लिहून पासष्ट देणाऱ्याला सूट का द्यावी, असे कोणी विचारेल. लेखकाचे उत्तर असे की शाळेच्या तराजूवर त्याहून बारीक निवाडा करता येत नाही. ते खरे आहे, पण ते उत्तर तराजूच्या मर्यादेचे आहे, न्यायाचे नव्हे, आणि पुढच्या आवृत्तीत या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात. तोवर साठच्या खाली आलेल्या बाटलीबद्दल तरी वाद नको. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही किमान साठ टक्के इथेनॉलच मागितले आहे. ती बाटली बाजूला ठेवावी. बॅच क्रमांक आणि कालबाह्यतेची तारीख लिहून घ्यावी. त्याच बॅचची न उघडलेली बाटली हाती असेल तर तीही मोजावी, कारण सैल झाकणाच्या बाटलीतून मद्यार्क आधी उडतो आणि दोष कारखान्याचा की कपाटाचा हे उघड्या बाटलीवरून ठरत नाही. दुसरी बाटलीही साठच्या खाली आली, तर तोललेले सर्व आकडे आणि तापमान एका कागदावर लिहून तो कागद न उघडलेल्या तिसऱ्या बाटलीसोबत औषध निरीक्षकाकडे द्यावा. अर्जाचा नमुना पुस्तकाच्या अखेरच्या परिशिष्टात आहे.